नर्सरीच्या नोंदी 2025: पिशवी, पाणी आणि झाडाने काढलेले उन्हाळे

2 फेब्रुवारी

आज माल मोजला. पुण्याजवळ सोलापूर रोडवरच्या सोरतापवाडीच्या आमच्या तीस गुंठ्यात आत्ता 8 बाय 10 इंचाच्या पिशव्या साधारण 6000, 12 बाय 15 च्या 2500 आणि 18 बाय 18 च्या 900 आहेत, बाकी कुंड्या आणि शेडनेटमधला सीझनल फुलांचा माल वेगळा. हे सगळं वहीत घेतलं कारण यंदा भावपत्रक नव्याने करायचंय. आत्तापर्यंत ऑफिसच्या भिंतीवर बाबांनी लिहिलेला पुठ्ठा आहे तोच चालतो, त्यावर एका बाजूला पिशवीचा साईज, वरती उंची, आणि मध्ये रेट. 18 बाय 18, सहा फूट, होलसेल 280. मग ते झाड बकुळ असो नाहीतर टॅबेबुया, रेट एकच. गिऱ्हाईकाला कळायला सोपं आणि आपल्यालाही, पण गेली दोन वर्ष मला जाणवतंय की माल जातो आणि पैसा हातात राहत नाही, आणि नेमका कुठे जातो ते सांगता येत नाही. म्हणून या नोंदी चालू केल्यात, पावसाळ्याचा सीझन संपेपर्यंत लिहायच्या.

बाबांना विचारलं की हे रेट तुम्ही कसे काढले होते. ते म्हणाले, शेजारच्या चार नर्सऱ्यांत काय चाललंय ते बघून लावले. त्यांनीही तसेच लावले असणार.

16 फेब्रुवारी

आज एक साधं काम केलं जे कधीच केलं नव्हतं. एक लिटरचा डबा घेतला आणि प्रत्येक साईजच्या पिशवीत भरणीची माती मोजून टाकली, वरती पाण्यासाठी दोन-अडीच इंच जागा सोडून. 8 बाय 10 ला पावणेतीन लिटर लागली. 12 बाय 15 ला नऊ. 18 बाय 18 ला पंचवीस लिटर!

म्हणजे नंबर बघितले तर 8 वरून 18, दुपटीपेक्षा थोडं जास्त. माती मात्र नऊ पट. कारण पिशवीचा नंबर हा सपाट पिशवीचा असतो, भरल्यावर तिचा गोल होतो आणि गोल रुंदावतो तशी माती नुसती वाढत नाही, रुंदीच्या वर्गाने वाढते, वर उंची वाढते ती वेगळीच. नर्सरीत वाढलेल्या माणसाला हे अंदाजाने माहीत असतं, ट्रॉली किती लागते त्यावरून, पण आकडा समोर आला की वेगळं वाटतं.

आमची भरणी म्हणजे लाल माती दोन भाग, शेणखत एक भाग, भाताचं तूस एक भाग. सगळं धरून यंदा ब्रासला 5500 च्या आसपास पडलं. ब्रास म्हणजे 100 घनफूट, म्हणजे 2800 लिटरच्या वर थोडं, म्हणजे लिटरला दोन रुपये. हिशोबाला सोपं झालं. लहान पिशवीत साडेपाच रुपयाची माती, मधल्या पिशवीत 18 ची, मोठ्या पिशवीत 50 ची.

5 मार्च

सीझनल फुलांचा उरलेला माल आज काढून टाकला. पेट्युनिया, डायंथस, शेवंतीच्या कुंड्या मिळून साडेतीनशे होत्या. बायकोचं म्हणणं होतं की अजून पंधरा दिवस फुलं राहतील, अर्ध्या रेटने जातील. पण मार्चचं ऊन लागलं की पेट्युनिया खालून पिवळा पडायला लागतो, देठ लांबतात, आणि त्या छोट्या कुंडीला दिवसातून दोनदा पाणी लागतं नाहीतर दुपारी मान टाकते. तीन दिवस रोडला बोर्ड लावून जेवढं गेलं तेवढं दिलं, शेवंतीची मात्र छाटणी करून मदर प्लांट म्हणून शंभर कुंड्या ठेवल्या, त्याच्या कटिंग पावसाळ्याच्या तोंडाला लावायच्या. बाकीचं खताच्या खड्ड्यात गेलं आणि कुंड्या धुवून ठेवल्या.

14 मार्च

पाण्याचं मोजमाप. आमच्याकडे एक इंची पाईप आहे, पुढे शॉवर लावलेला. 15 लिटरची बादली भरायला 25 सेकंद लागले, तीनदा बघितलं. म्हणजे मिनिटाला 36 लिटर.

मग पाणी मारणाऱ्या मामांच्या मागे मोबाईलवर टायमर लावून फिरलो. त्यांना आधी सांगितलं की तुम्ही किती काम करता ते बघत नाहीये, कुठली पिशवी किती वेळ खाते ते बघतोय, नाहीतर माणूस घाईने पाणी मारतो आणि आकडा खोटा येतो. ते सतरा वर्ष आमच्याकडे आहेत. ते म्हणाले, दादा लहान पिशव्याच वेळ खातात, मोठ्या नाही. मला ते तेव्हा पटलं नव्हतं.

लहान पिशव्या एकमेकीला चिकटून लावलेल्या असतात त्यामुळे शॉवर फिरवत जाता येतो. हजार पिशव्यांना अर्धा-अर्धा लिटर द्यायला वीस मिनिटं लागली. पण उन्हाळ्यात त्यांना सकाळ-संध्याकाळ दोनदा द्यावं लागतं, कारण पावणेतीन लिटर माती मार्च-एप्रिलच्या उन्हात एका दिवसात कोरडी होते. दोन वेळचं धरून पिशवीला दिवसाला जवळपास अडीच सेकंद. मधल्या पिशवीला एकदाच दीड लिटर, पाईप हलवणं धरून पाच सेकंद. मोठीला चार लिटर, दहा सेकंद.

सगळ्या मालाला लावलं तर दिवसाला दहा तास पाणी! आणि थ्री फेज लाईट आठ तास, तीही काही दिवस रात्रीची. म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात दोन माणसं, दोन पाईप, दोन मोटरी चालतात आणि तरी संध्याकाळी कुठली तरी लाईन राहून गेलेली असते. आजपर्यंत मी हे माणसाच्या चुकीवर ढकलत होतो. चूक माणसाची नव्हती, काम तेवढं होतंच.

29 मार्च

उद्या पाडवा. आज मन लागलं नाही कारण बेड नंबर चारमधल्या मधल्या पिशव्यांतली ताम्हणाची दोनशे झाडं दुपारी बघितली तर पानं लोंबलेली. रोज पाणी चालू आहे, वरून माती ओली दिसतेय, पिशवीच्या भोकातून पाणी बाहेर येतंय, मग झाड का सुकतंय? आधी वाटलं मूळकुज झाली, पाणी जास्त झालं. मी पाणी बंद करायला सांगणारच होतो.

सांगण्याआधी एक पिशवी विळ्याने उभी फाडून बघितली, आणि बरं झालं बघितली. वरची दोन इंच माती ओली, काळपट. कडेला पिशवीच्या आतून खालपर्यंत ओली रेघ. आणि मधला सगळा गड्डा, मुळं जिथे आहेत तो, कोरडा भुकटी. बोटाने खरवडला तर धूळ उडाली.

झालं असं होतं की मधे दोन दिवस मोटर जळाल्यामुळे त्या बेडला पाणी कमी पडलं होतं. माती सुकली की आकसते आणि पिशवीपासून सुटते, कडेला बारीक फट पडते. मग पुढे पाईपने जोरात पाणी मारलं की ते सोपी वाट बघतं, कडेच्या फटीतून सरळ खाली आणि भोकातून बाहेर. आत काहीच जात नाही. तूस आणि शेणखत एकदा पूर्ण वाळलं की ते पाणी लवकर धरतही नाही, थेंब वरून घरंगळतो. वरून बघणाऱ्याला वाटतं पाणी झालं.

उपाय जुनाच आहे, बाबा आजोबांच्या वेळेपासून करतात पण घाईत सुटला होता. आधी झारीने हलकं पाणी, माती नुसती भिजेल एवढंच. मग पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, तोवर दुसरी लाईन करायची, आणि परत येऊन पूर्ण पाणी. पहिल्या पाण्याने माती फुगते, फट बंद होते, दुसरं पाणी आत मुरतं. ज्या पिशव्या फारच कोरड्या होत्या त्यांना लोखंडी सळीने तीन-तीन भोकं पाडली. ओळखायची खूण म्हणजे पिशवी उचलून बघायची, पाणी दिल्यानंतरही हलकी लागली की आत कोरडी आहे. आता मामांना आणि कामावरच्या मावशींना सांगितलंय की प्रत्येक बेडमधल्या पाच पिशव्या रोज उचलून बघायच्या, डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही.

दोनशेपैकी किती वाचतात ते आठवड्याने लिहीन. (नंतर टाकलेली ओळ: 21 गेली, बाकीची सावरली पण पानगळ झाली, यंदा विकता येणार नाहीत.)

12 एप्रिल

पाण्याचे पैसे काढले. मामांचा रोज 500 रुपये आणि आठ तास काम, म्हणजे सेकंदाला पावणेदोन पैसे. लहान पिशवीला दिवसाला सव्वाचार पैसे, मधलीला पावणेनऊ, मोठीला साडेसतरा. पैसे म्हणल्यावर कोणी लक्ष देत नाही, मी पण दिलं नसतं. पण उन्हाळा चार महिने, 120 दिवस. लहानला पाच रुपये, मधलीला साडेदहा, मोठीला 21. हिवाळ्यात दिवसाआड वगैरे धरून, पावसाळ्यातली उघडीप धरून, वर्षाला लहान पिशवी आठ रुपयाचं पाणी पिते, मधली 17 चं, मोठी 33 चं. हे पाणी नाही, पाणी मारायची मजुरी. लाईट बिल आणि मोटर जळते ते निराळं.

आता मामा काय म्हणत होते ते कळलं. मोठी पिशवी 280 ला जाते आणि वर्षाला 33 खाते. लहान पिशवी 35 ला जाते आणि आठ खाते. म्हणजे लहान पिशवी विकली नाही आणि एक उन्हाळा जास्त राहिली तर तिच्या विक्रीच्या जवळजवळ पाव हिस्सा नुसत्या पाण्यात गेला, शिवाय खुरपणी आणि फवारणीचे चार रुपये. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर ती पिशवी 35 ला विकणं म्हणजे फुकट विकणं, आणि झाडही तोवर खराब होतं, मुळं पिशवीत गोल-गोल फिरून दोरीचं वेटोळं झाल्यासारखी होतात, असं झाड जमिनीत लावलं तरी वर्षानुवर्ष धरत नाही.

त्यामुळे एक नियम ठरवला: लहान पिशवीने एकच उन्हाळा काढायचा. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत गेली नाही तर मोठ्या पिशवीत जाईल, नाहीतर ज्याला रस्त्याकडेला लावायला पाहिजे त्याला मिळेल त्या भावाने. तिसरा मार्ग नाही.

27 एप्रिल

बकुळीचा हिशोब. ही नोंद मोठी होणार आहे कारण सगळं उत्तर यातच सापडलं.

बकुळ हळू वाढते हे सगळ्यांना माहीत आहे. आपण 12 रुपयाला छोट्या पिशवीतलं रोप आणतो. पहिल्या वर्षी 8 बाय 10 मध्ये टाकतो. पिशवी अडीच, माती साडेपाच, भरायची मजुरी दोन, पाणी आठ, खुरपणी-फवारणी चार. रोप धरून 34 झाले. दुसऱ्या वर्षी 12 बाय 15. पिशवी आठ, माती 18, मजुरी सहा, पाणी 17, बाकीचं 10. एकूण 93. तिसऱ्या वर्षी 18 बाय 18. पिशवी 22, माती 50, मजुरी 15, पाणी 33, बाकी काठी बांधणं, छाटणी, पिशव्या हलवणं वगैरे 20. एकूण 233. शंभरातली दहा-बारा मरतात, त्यातली काही पहिल्याच वर्षात जातात म्हणून नुकसान थोडं कमी, तरी जगलेल्या प्रत्येकावर पंधरा-सतरा रुपये चढतात. म्हणजे 250.

तीन वर्ष सांभाळलेली बकुळ 250 ला पडते आणि आपण 280 ला देतो. जागेचं भाडं धरलंच नाही, बाबांची आणि माझी मेहनत धरलीच नाही. तीस रुपयासाठी तीन उन्हाळे!

आता टॅबेबुया. रोप आठ रुपयाला, पावसाळ्यात आणलं, वाढ इतकी जोरात की लहान पिशवीची पायरीच लागत नाही, थेट 12 बाय 15, आणि पुढच्या जूनला 18 बाय 18 मध्ये, दिवाळीच्या आत सहा फूट. एकच उन्हाळा. सगळं मिळून 170 च्या आसपास पडतं. तेही आपण 280 ला देतो.

म्हणजे पुठ्ठ्यावरचा एकच रेट टॅबेबुयावर 110 देत होता आणि बकुळीवर 30, आणि मी खूश होतो की बकुळ पटापट जाते. पटापट जाणारच, कॉन्ट्रॅक्टर लोकांना दुसरीकडे त्या रेटला मिळत नसेल.

संध्याकाळी बाबांना वही दाखवली. त्यांनी बराच वेळ बघितली, मग म्हणाले की झाडाचा भाव उंचीवर नसतो, त्याने किती उन्हाळे काढले त्यावर असतो, हे मला कळत होतं पण पुठ्ठ्यावर कसं लिहायचं ते कळत नव्हतं. मला त्यांचं हे वाक्य ऐकून फार बरं वाटलं. तेच करायचं ठरलं, पिशवी आणि उंचीच्या शेजारी तिसरा रकाना, उन्हाळे. 18 बाय 18, एक उन्हाळा, 250. पुढच्या प्रत्येक उन्हाळ्याला 60 जास्त, कारण मधल्या पायरीचं एक वर्ष आपल्याला 59 ला पडतंय. म्हणजे टॅबेबुया तीस रुपयाने उतरेल आणि बकुळ 370 ला जाईल.

9 मे

मोठ्या पिशव्यांच्या दोन बेडना ड्रिप केली त्याला दहा दिवस झाले, 400 झाडं. प्रत्येक पिशवीला एक लॅटरलमधून काढलेली बारीक नळी आणि ताशी चार लिटरचा ड्रिपर. तासभर मोटर चालवली की काम झालं, मामा तेवढ्या वेळात दुसरं करतात. लहान पिशव्यांना ड्रिप परवडत नाही, सहा हजार नळ्या कोण लावणार आणि माल रोज हलतो.

पण ड्रिपची एक अडचण लगेच दिसली. विहिरीचं पाणी चालतं, बोअरचं पाणी क्षाराचं आहे. दहा दिवसात काही ड्रिपरच्या तोंडाला पांढरी खपली धरली. ड्रिपर बंद पडला की लांबून काही कळत नाही, झाड सुकल्यावर कळतं आणि बकुळीचं पान चामड्यासारखं जाड, ते लवकर मान टाकत नाही, कळेपर्यंत उशीर. म्हणून आठवड्यातून एकदा मोटर चालू असताना प्रत्येक पिशवीत बोट लावत फिरायचं आणि कालव्याचं आवर्तन सुटून विहिरीला पाणी असेल तेव्हा बोअरऐवजी विहिरीचंच पाणी द्यायचं. मावशींनी हे काम अंगावर घेतलंय.

22 मे

पाऊस! आठवडाभर जोरात चालू आहे, मे महिन्यात असा पाऊस आपल्याकडे कधी बघितलेला आठवत नाही. पाणी मारणं पूर्ण बंद. माझं उन्हाळ्याचं मोजमाप मधेच तुटलं, आता 120 दिवसाचा हिशोब यंदापुरता खरा नाही, तरी रेट नेहमीच्या उन्हाळ्यावरच धरणार, एका वर्षाच्या पावसावर भाव बसवता येत नाही.

वाचलेल्या मजुरीत दुसरी कामं निघाली. खोलगट बेडमध्ये पाणी साठलं, तिथल्या लहान पिशव्या बुडून राहिल्या. बेडच्या कडेने चर काढले आणि जास्वंदीच्या सातशे पिशव्या उचलून वरच्या बाजूला ठेवल्या. या सगळ्या गडबडीत मोठ्या पिशव्या हलवायच्या राहिल्या. दरवर्षी मे मध्ये हलवतो.

4 जून

उद्या पर्यावरण दिन, सकाळपासून फोन. लहान पिशव्यांत वड, पिंपळ, कडुलिंब, करंज मिळून अकराशे झाडं गेली, सगळी 35 ने. पुढच्या आठवड्यात वटपौर्णिमा आहे त्यामुळे वडाची अडीचशे बाजूला काढून ठेवलीत.

दुपारी एका सोसायटीचं काम घेतलेले लँडस्केप कॉन्ट्रॅक्टर आले. 300 बकुळ पाहिजे, 18 बाय 18. नवा रेट सांगितला, ते म्हणाले मागच्या वर्षी 280 ला नेली. मग बोलण्याआधी त्यांना दोन झाडं शेजारी-शेजारी ठेवून दाखवली. एक 12 बाय 15 मधली बकुळ, दाटीत वाढल्यामुळे उजेडासाठी वर पळालेली, सात फूट, खोड माझ्या करंगळीएवढं, काठी सोडली की वाकते. दुसरी 18 बाय 18 मधली, साडेपाच फूट, खोड अंगठ्यापेक्षा जाड, काठीशिवाय उभी. उंचीच्या भावाने गेलं तर पहिली महाग. लावल्यावर टिकणार दुसरी. ते म्हणाले विचार करतो, आधी चाळीस नग काढून द्या, बघू.

आणि तिथेच घात झाला. माणसांनी पिशव्या उचलल्या तर खालून कट-कट आवाज यायला लागला. मेच्या पावसाने जमीन मऊ झाली आणि पिशवीच्या भोकातून मुळं खाली घुसली, अर्धा-पाऊण फूट, बोटाएवढी जाड काही. झाड पिशवीतल्या पंचवीस लिटर मातीवर नाही, खालच्या जमिनीवर जगत होतं म्हणून तर ते इतकं हिरवंगार दिसत होतं. मूळ तुटलं की वरची सगळी पानं आणि खाली मूळ अर्धंच.

मी कॉन्ट्रॅक्टरना तेव्हाच सांगितलं की ही झाडं आज नेऊ नका, पंधरा दिवसांनी न्या, आज नेली तर तुमच्या साईटवर पानं टाकतील आणि तुम्हाला बिल मिळणार नाही. त्यांना राग आला, गाडी रिकामी गेली. पण दिली असती तर परत कधी आले नसते.

6 जून

चाळीसातल्या सतरा झाडांची शेंड्याची कोवळी पानं लोंबली. सगळी शेडनेटखाली नेली, तुटलेली मुळं कात्रीने साफ कापली, तिसरा हिस्सा पानं काढून टाकली म्हणजे पाणी कमी उडेल, आणि पाणी थोडं-थोडं, भरपूर नाही, कारण जखमी मुळाला चिखल झाला की कुजतं. शेंडा बघत राहायचं, जुनी पानं काही सांगत नाहीत. कळी हिरवी राहिली म्हणजे झाड जगतंय.

उरलेल्या मोठ्या पिशव्या आजपासून रोज शंभर हलवायला घेतल्या. सगळ्या एकदम उपटायच्या नाहीत. आधी पिशवी नुसती तिरकी करायची, सहज झुकली तर मूळ बाहेर नाही, अडली तर आहे. अडली तिथे एका बाजूची मुळं तोडायची, आठ दिवसांनी दुसऱ्या बाजूची. आणि परत ठेवताना खाली जाड प्लास्टिकचा कागद.

19 जून

चाळीसातली पाच गेली, पस्तीस झाडांना नवे कोंब फुटलेत, दोन-दोन मिलीमीटरचे, तांबूस. मोठ्या बेडमधली दोन वेळा करून मुळं तोडलेली 160 झाडं तर पानसुद्धा न टाकता उभी आहेत, म्हणजे हळूहळू तोडलं तर चालतंय. आजच कॉन्ट्रॅक्टरना फोन करून शेंड्यांचे फोटो पाठवले.

23 जून

आज तुकोबांची पालखी आपल्या रोडने, सोलापूर रोड बंद, गाडी-लोडिंग काहीच नाही. सकाळी मोटर चालू ठेवून रोडला नळ लावला, वारकऱ्यांना पाणी. दोन बायका आत येऊन तुळशीची रोपं बघत होत्या, त्यांना दोन रोपं दिली, त्यांनी पैसे विचारले तर बाबांनी हातच जोडले.

दुपारी निवांत वेळ मिळाला म्हणून नवा बोर्ड रंगवून घेतला. पुठ्ठ्याच्या जागी पत्रा, चार रकाने: झाड, पिशवी, उन्हाळे, भाव. उंचीचा रकाना काढून टाकला, त्याऐवजी खाली एक ओळ लिहिली की खोड जमिनीपासून एक फुटावर मोजून देऊ.

13 जुलै

कॉन्ट्रॅक्टर परत आले, स्वतःहून. 120 बकुळ घेतली, 350 ने, वीस रुपये मी सोडले कारण लोडिंग त्यांच्या माणसांनी केलं. बाकीची 180 त्यांनी दुसरीकडून 270 ने घेतली असं त्यांनीच सांगितलं. मला वाईट नाही वाटलं, 120 मध्ये मागच्या वर्षीच्या 300 पेक्षा जास्त राहिलं. मागच्या वर्षी 300 वर तीस-तीस म्हणजे 9000 उरले होते, यंदा 120 वर शंभर-शंभर, 12000. आणि 180 झाडं अजून बेडवर आहेत, त्यांचा पुढचा उन्हाळा आला की 60 वाढवायचे.

टॅबेबुया 250 ला आणल्यावर चांगली हलली, 140 गेली, मागच्या वर्षी याच तारखेपर्यंत पन्नासपण गेली नव्हती.

लहान पिशव्या आता 6000 च्या 2300 राहिल्यात. त्यातली जास्वंद आणि करंज दिवाळीपर्यंत जातील. 400 बकुळ आहेत, त्या विकायच्याच नाहीत, येत्या आठवड्यात 12 बाय 15 मध्ये टाकायच्या, चार ब्रास मातीची ऑर्डर आज दिली. त्यात बकुळीला दीड ब्रास पण लागणार नाही, बाकीची ताम्हणाला आणि शेवंतीच्या कटिंगला. पिशव्या बदलायला मावशी आणि त्यांच्या दोन जावा येतील, नगाला सहा रुपये ठरलेत. प्रत्येक लाईनला यंदा पत्र्याची पट्टी लावायची आणि त्यावर ऑइल पेंटने लावल्याचा महिना लिहायचा, म्हणजे उन्हाळे मोजायला कोणाच्या आठवणीवर राहायला नको.